हॉटएंडचा कमाल फ्लो ठरवताना या चुका टाळा: 'टक-टक' आवाजाची वाट पाहू नका

रावेरच्या एका केळी उत्पादक मित्राला ठिबकच्या १६ मिमी नळीसाठी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या क्लिप हव्या होत्या. आमच्याकडच्या उन्हात पीएलए टिकत नाही, म्हणून मी पीईटीजी घेतलं. दिसायला क्लिप एकदम चकचकीत, पण नळीवर दाबली की मधूनच थरांवर उकलायची. एक आडवी कापून पाहिली, तर बाहेरची भिंत घट्ट होती आणि आतलं इनफिल दोऱ्यासारखं बारीक, जागोजागी तुटलेलं होतं.

भिंतीचा वेग होता ८० मिमी प्रति सेकंद आणि इनफिलचा १५०. लेअर ०.२ मिमी, रेषेची रुंदी ०.४५ मिमी. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे फ्लो, म्हणजेच दर सेकंदाला किती घन मिमी प्लास्टिक वितळून बाहेर पडायला हवं. भिंतीला तो ७.२ येतो, इनफिलला १३.५. माझं साधं ०.४ नोझलचं हॉटएंड २४० अंशांवर एवढं वितळवूच शकत नव्हतं. तरीही मी निश्चिंत होतो, कारण एक्सट्रूडर टक-टक करत नव्हता.

पहिली चूक हीच. गिअर फिलामेंटवरून घसरू लागला किंवा मोटरची पावलं चुकू लागली की आवाज येतो, पण माल त्याच्या बराच आधीपासून कमी पडू लागतो. तो कानाला कळत नाही, वजनात कळतो. जळगावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा असतोच.

नोझल बेडपासून पाच सेंटिमीटर वर घ्या, तापमान स्थिर होऊ द्या, गळलेला माल पुसा आणि हे चालवा:

```
M83
G1 E100 F120
```

थांबताच नोझलजवळ कापून ती गुंडाळी पुडीत ठेवा आणि पुडीवर F चा आकडा लिहा. मग F वाढवत जा. १.७५ मिमी फिलामेंटसाठी F ला २५ ने भागलं की फ्लो मिळतो, म्हणजे F250 म्हणजे साधारण १०. १०० मिमी पीईटीजीचं वजन ०.३०५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. F120 लाच ते बरंच वेगळं आलं, तर आधी ई-स्टेप्स आणि फिलामेंटची जाडी तपासा.

इथे दुसरी चूक होते: लोक २०-३० मिमी ढकलून निकाल लावतात. हॉटएंडमध्ये आधीच वितळलेला थोडा माल साठलेला असतो. तो सुरुवातीला सहज निघतो आणि आकडा फुगतो. क्लिपर फर्मवेअरमध्ये ५० मिमीपेक्षा लांब हालचालीवर त्रुटी येते, तेव्हा चाचणीपुरती `max_extrude_only_distance` ची मर्यादा वाढवा.

माझ्या पुड्या अशा भरल्या: F120 ला ०.३०४, F200 ला ०.३०१, F250 ला ०.२९२, F300 ला ०.२७१. टक-टक ऐकू आली ती F350 ला, म्हणजे फ्लो १४ ला. माझं १३.५ चं इनफिल आवाजाच्या जेमतेम अलीकडे होतं आणि एक दशांशाहून जास्त माल गायब होता! चाचणी चालू असताना स्क्रीनवरचं तापमानही बघा. ते पाच-सात अंशांनी कोसळत असेल, तर हीटर कमी पडतोय.

घट ८ ला एक टक्का आणि १० ला चार टक्के होती. मी ८ धरला. हवेत माल मोकळा निघतो, पण छापताना नोझल खालच्या थरावर दाबून सोडतं आणि उलटा दाब येतो. म्हणून हवेतला आकडा जसाच्या तसा कधीच वापरू नये.

तिसरी चूक सेटिंगची. नुसता इनफिलचा वेग कमी केला, तर लेअरची जाडी बदलताच गणित बिघडतं: ८ च्या फ्लोला ०.२ लेअरवर ८९ मिमी प्रति सेकंद मिळतात, ०.२८ वर फक्त ६३. स्लायसरमध्ये फिलामेंटच्या प्रोफाइलमध्ये `Max volumetric speed` असतं, तिथे ८ लिहा. मग वेग कितीही ठेवा, स्लायसर तो आपोआप दाबून धरतो. प्रुसास्लायसरमध्ये तिथे ० असेल, तर फिलामेंटकडून मर्यादाच नाही. हा आकडा त्या फिलामेंटचा आणि त्या तापमानाचा असतो. पीएलएला, दुसऱ्या कंपनीच्या पीईटीजीला किंवा २५० अंशांना पुन्हा वजन करावं लागतं.

आणि पीएलएची चाचणी मे महिन्यात दुपारी बंद खोलीत करू नका. भुसावळ-जळगावात बाहेरच ४५ अंश असतात. तापलेल्या मोटरमुळे गिअरपाशी फिलामेंट मऊ होतं आणि कमी फ्लोलाही टक-टक होते. पहाटे तीच चाचणी करून आवाज गेला, तर दोष हॉटएंडचा नाही. मोटरवर छोटा पंखा लावून पुन्हा मोजा.