नारळाच्या वड्या बसत नाहीत? कढई सुटण्याच्या बाबतीत या चुका टाळा

श्रावण लागला आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या सांगलीच्या घरी फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली असते. "काकू, कृतीत लिहिलंय तसंच केलं. मिश्रण कढई सोडायला लागलं तेव्हाच गॅस बंद केला, तरी वड्या बसल्या नाहीत. चमच्यानं खायची वेळ आली." मी पहिला प्रश्न विचारते, कढई कोणती होती? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, नॉनस्टिक. दुसरा प्रश्न, तूप कधी घातलं? तर सुरुवातीलाच, दोन-तीन चमचे.

मग मिश्रण कढई सोडणारच. नॉनस्टिकला काहीच चिकटत नाही, म्हणून तर ती घेतो. कच्चं मिश्रणसुद्धा तिच्यात गोळा होऊन गोल फिरतं. तुपाचंही तेच. बुडाला तुपाचा थर असला की साखरेचा पाक अजून पातळ असतानाही मिश्रण घसरत राहतं आणि आपल्याला वाटतं, झालं. "कढई सोडली की उतरवा" हे वाक्य आपल्या आज्यांच्या पितळी कल्हईच्या किंवा जाड ॲल्युमिनियमच्या कढईसाठी होतं. त्या कढईला मिश्रण आधी चिकटतं, म्हणून सुटण्याला अर्थ असतो.

सुटलं म्हणजे झालं, असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही परक्या घरी नेण्याच्या वड्यांच्या बाबतीत. भाचीचं डोहाळजेवण साताऱ्याला होतं. मी सहा नारळांच्या वड्या करून न्यायच्या ठरवल्या. घरात मोठी नॉनस्टिक कढई नवीन आली होती, म्हणून सगळं एकदम तिच्यातच टाकलं. नेहमी दोन वाट्यांच्या वड्यांना मला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. इथे पंचवीस मिनिटांनी गोळा छान फिरायला लागला, बूड स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा मी ताटांत थापून मोकळी झाले. सकाळी वरून कोरड्या दिसत होत्या. सुरीनं पाडल्या, डब्यात बटर पेपर घालून थर लावले आणि एसटीत बसले.

साताऱ्याला डबा उघडला तेव्हा वड्या उरल्याच नव्हत्या. एकच ओला लगदा, तळाला साखरेचं पाणी सुटलेलं. वरचा पापुद्रा तेवढा सुकला होता, आत पाक तसाच होता. बहीण म्हणाली, "ताई, राहू दे, बाजारातून पेढे आणू." मला ते पटेना. तिची जुनी जाड बुडाची ॲल्युमिनियमची कढई घेतली, लगदा दोन भागांत विभागला आणि एका भागात दोन चमचे दूध घालून मंद आचेवर परत चढवला. भाची शेजारी उभी. दहा मिनिटांत मिश्रण कडेपासून सुटायला लागलं तशी ती म्हणाली, "मावशी, सुटलं की!" मी म्हटलं, "थांब, आधी गोळी करून बघू."

एक सुकी स्टीलची ताटली घेतली, तिच्यावर वाटाण्याएवढं मिश्रण टाकलं आणि मिनिटभर थांबले. बोटांत घेऊन वळायला गेले तर गोळी झाली, पण बोटांना चिकट ओलावा लागला आणि ताटलीवर ठेवताच ती बसकी झाली. आणखी चार मिनिटं ढवळलं. दुसरी गोळी वळताना बोटं कोरडी राहिली, गोळी गोल राहिली, दाबल्यावर कडेला थोडी चीर गेली. तेव्हा गॅस बंद केला. या चार मिनिटांतच वडी बसते, आणि नवशिके नेमकी हीच चार मिनिटं वाचवतात.

कारण साधं आहे. ओल्या नारळात पाणी असतं, दुधात असतं, आणि साखर ते सगळं ओढून घेऊन पाक बनते. पाकात पाणी जास्त असेपर्यंत साखर विरघळलेलीच राहते, थंड झाल्यावरही. पाणी पुरेसं उडालं की मगच थंड होताना साखरेचे बारीक कण धरतात आणि ते खोबऱ्याला बांधून ठेवतात. कढई सुटते म्हणजे मिश्रण घट्ट झालं एवढंच कळतं. आतल्या पाकाची अवस्था गोळीच सांगते.

मग बघायचं काय?

माझं प्रमाण दोन वाट्या खोवलेला नारळ, दाबून न भरलेला, सव्वा वाटी साखर, अर्धी वाटी सायीसकट दूध. तूप एकच चमचा, तेही शेवटी. सुरुवातीला साखर विरघळली की मिश्रण एकदम पातळ होतं. इथे घाबरून लोक दुधाची पावडर नाहीतर आणखी खोबरं टाकतात. टाकू नका, ते पातळ होणारच आहे.

आच मध्यम ठेवा. आधी बारीक फेसाळ बुडबुडे येतात. मग ते मोठे होतात, मिश्रण फदफदायला लागतं आणि अंगावर उडतं, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. त्यानंतर आवाज उतरतो. कढईच्या कडेला, जिथे मिश्रण वर चढून खाली आलेलं असतं, तिथे साखरेचा पांढरा कोरडा थर दिसायला लागतो. हे माझं सगळ्यात आवडतं लक्षण आहे, कारण नॉनस्टिकमध्येही ते बऱ्यापैकी दिसतं. कालथ्यानं मधोमध रेघ ओढली की बूड दिसतं आणि दोन-तीन सेकंद तसंच राहतं. हातालाही फरक कळतो, आधी आपण ढवळत असतो आणि आता एक जड गोळा ढकलत असतो. हे सगळं जुळलं की आच मंद करायची आणि गोळीची परीक्षा सुरू करायची, दर दोन मिनिटांनी एक.

गोळी जमली की गॅस बंद, तूप आणि वेलदोड्याची पूड घालायची आणि कढईतच मिनिट-दीड मिनिट घोटायचं. मिश्रणाची चकाकी जाऊन ते जरा मळकट पांढरं दिसलं की लगेच तूप लावलेल्या ताटात थापायचं. चकाकी असताना थापलेली वडी उशिरा बसते, आणि चकाकी गेल्यावर रेंगाळलात तर ती कढईतच बसते. अर्धा इंच जाडी पुरे. दहा मिनिटांनी सुरीनं रेघा मारून ठेवा, सुट्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच करा.

घड्याळ लावून वड्या करणाऱ्यांना मी नेहमी अडवते. नारळ किती ओला, कढई किती पसरट, हवा किती दमट, यावर वेळ बदलते. सहा नारळांचं एकदम करणं तर मी त्या दिवसापासून सोडून दिलं. खोल कढईत पाणी उडायला जागाच मिळत नाही, वेळ वाढतो, तोवर खोबरं पिवळं पडतं. दोनदा करा, पण पसरट कढईत करा.

जास्त झालं तर

उलटी चूकही होते. मिश्रण सुटल्यावर घाबरून दहा मिनिटं परतत राहिलात की थापताना भुगा होतो, कडा ढासळतात. त्याला उपाय आहे. तो भुगा कढईत घ्या, दोन-तीन चमचे गरम दूध शिंपडा, अगदी मंद आचेवर सगळं परत एकत्र येईपर्यंत हलवा आणि ताबडतोब थापा. पण खोबरं लालसर होऊन त्याला तेल सुटलं असेल तर दूध घालून फायदा नाही, तो खमंग चुरा शिऱ्यावर भुरभुरा.

नारळ खोवताना काळी पाठ येऊ देऊ नका, वडी मळकट दिसते आणि दाताखाली कचकचते.

पाकिटातला सुका खोबऱ्याचा कीस वापरणार असाल तर आधी वीस मिनिटं कोमट दुधात भिजवा. कोरडा टाकलात तर तो दूध शोषून पाच मिनिटांत कढई सोडेल आणि साखर मात्र कच्ची राहील.

पावडरच्या पेढ्यांना नारळाचा नियम लावणं

नारळाच्या वड्या नीट जमल्या की लोक त्याच हातानं दुधाच्या पावडरीचे पेढे करायला जातात आणि खडे तयार होतात. इथे नियम उलटा आहे. नारळाला कढई सुटल्यावरही आणखी थोडा वेळ ढवळत राहायचं असतं, पावडरीला सुटायला लागताच उतरवायचं असतं. पावडर आधीच कोरडी असते, ती पाणी पटकन ओढते, आणि गार होताना मिश्रण आणखी घट्ट होत जातं. कढईत जे कणकेसारखं वाटतं ते ताटात दगडासारखं होतं. म्हणून मिश्रण अजून मऊ, चकचकीत आणि जरासं सैल असताना, कडा सुटून मध्ये गोळा धरायला लागल्याबरोबर मी गॅस बंद करते. कंडेन्स्ड मिल्क घालून केलं तर मंद आचेवर सहा-सात मिनिटांतच ही वेळ येते, तेव्हा कढईपासून हलू नका.

गुठळ्या होतात त्या पावडर गरम तुपात टाकल्यामुळे. पावडर आणि दूध गार असतानाच एकजीव करा, मग आचेवर ठेवा. आणि दुकानातून आणताना पाकीट वाचा. चहासाठीचा डेअरी व्हाइटनर म्हणजे दुधाची पावडर नव्हे, त्यात साखर असते. त्याचे पेढे गोडमिट्ट आणि चिकट होतात.

पेढे कडक झालेच तर मिश्रण कोमट असताना चमचा-चमचा गरम दूध घालून तळहातानं मळा, मऊ होतं. पूर्ण गार झाल्यावर मळलंत तर फुटतं, म्हणून आधी कढईत मिनिटभर ऊब द्या.

आणखी एक विनंती साताऱ्याच्या माहेरवाशिणींना. पावडरीचं मिश्रण लाल होईपर्यंत जाळून त्याला कंदी पेढा म्हणू नका. कंदी पेढ्याचा तो रंग आणि खमंग वास म्हशीच्या दुधाचा खवा सावकाश भाजल्यानं येतो. पावडर तेवढी भाजली की आधी करपते, कडू लागते. पावडरीचा पेढा पांढराच ठेवा, वर केशराच्या दोन काड्या लावा.