अरबी जोडून वाचताना या चुका टाळा: गळणारा हमजा आणि टिकणारा हमजा

"वालेकुम अस्सलाम" हे उत्तर आपण कितीदा तरी ऐकलेलं असतं. अरबीत ते "व अलैकुमुस्सलाम" असं एका दमात येतं. 'अस्सलाम'मधला पहिला अ गळतो आणि 'कुम्'च्या म् ला उ लागतो. शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका या दोन घटनांभोवतीच होतात.

पहिली चूक म्हणजे शब्दारंभीचा प्रत्येक स्वर सारखाच धरणं. स्वराआधी घसा क्षणभर मिटून होणारा ध्वनी म्हणजे हमजा; शब्द जोडताना एक प्रकारचा हमजा गळतो, दुसरा टिकतो. वाक्याच्या सुरुवातीला दोन्ही हमजे ऐकू येतात, म्हणून नुसता शब्द ऐकून फरक कळत नाही. शब्दाआधी 'व' (आणि) लावून पाहा. 'उक्तुब' (लिही) या आज्ञेचं 'वक्तुब' होतं, कारण तिथला हमजा जोडणारा, म्हणजे वस्लचा. 'अक्तुबु' (मी लिहितो) मात्र 'व-अक्तुबु'च राहतं. आडव्या रेघेपाशी घसा क्षणभर मिटून स्वर नव्याने सुरू करायचा. हा टिकणारा हमजा, म्हणजे कतअचा. तो गिळलात तर 'आणि मी लिहितो' हे ऐकणाऱ्याला 'आणि लिही' याच्या जवळचं वाटेल.

काटेकोर छपाईत कतअच्या अलिफवर किंवा खाली हमजाची खूण असते, वस्लचा अलिफ मोकळा असतो. पण रोजच्या लिखाणात ती खूण सर्रास गाळतात, म्हणून शब्दाची घडण ओळखावी लागते. 'अल', 'इस्म' (नाव), 'इब्न' (मुलगा) आणि 'इस्तिक़बाल', 'इज्तिमाअ' या घडणीची क्रियानामं वस्लची. 'इस्लाम', 'इक्राम' कतअची. म्हणून 'अल' जोडल्यावर 'अलिस्म' होतं, पण 'अल्-इस्लाम'मध्ये हमजा टिकतो. आपल्याला जगत् + ईश = जगदीश अशा संधीची सवय, त्यामुळे 'मिन्-ऐन' (कुठून) हेही 'मिनैन' होऊन बसतं. तिथे थांबायलाच हवं.

दुसरी चूक मदतीच्या स्वराची. वस्लचा हमजा गळल्यावर दोन व्यंजनं भिडली, तरच तो लागतो. हे वाक्य घ्या: हल् + इस्तक़बल + अल्मुदीरु + इब्नहु? (व्यवस्थापकाने आपल्या मुलाचं स्वागत केलं का?) जोडून होतं "हलिस्तक़बलल्मुदीरुब्नहु?" मदतीचा स्वर फक्त 'हल्'ला लागला, इ. पुढच्या दोन सांध्यांवर आधीच्या शब्दाचा स्वतःचाच अ आणि उ होता, त्यामुळे तिथे काही घालायचं नव्हतं. अनेक जण तिथेही इ घुसवतात आणि 'मुदीरु इब्नहु' म्हणतात.

मदतीचा स्वर बहुधा इ असतो. 'हुम्', 'कुम्', 'अन्तुम्' यांना उ लागतो. 'मिन्'ला 'अल'पुढे अ लागतो, म्हणून 'मिनल्बैत' (घरातून). पण 'इब्न'पुढे त्याच 'मिन्'ला इ लागतो: 'मिनिब्निक' (तुझ्या मुलाकडून). हा अपवाद मला सगळ्यात उशिरा अंगवळणी पडला.

आधी दीर्घ स्वर असेल तर तो उच्चारात ऱ्हस्व होतो: फ़ी + अल्बैत = 'फ़िल्बैत', मा + इस्मुक = 'मस्मुक?' (तुझं नाव काय?). लिहिताना मात्र दीर्घ स्वराचं अक्षर तसंच ठेवायचं.