परदेशातून फोनवर घरचा कॉम्प्युटर उघडायचा असेल तर

फोनवर घरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन आणणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी अडचण पुढे येते: घराला कुलूप, मध्ये दोनदा वीज गेली, आणि बटण दाबायला कोणी नाही. म्हणून इथे जोडणीबरोबरच कॉम्प्युटर आपणहून परत उभा राहील याचीही सोय करू. उदाहरणासाठी विंडोज ११ प्रो असलेला डेस्कटॉप आणि साधं ब्रॉडबँड धरलं आहे.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरवर ३३८९ पोर्ट उघडण्याचा जुना सल्ला मनावर घेऊ नका. इंटरनेटवर उघडा सापडलेला हा पोर्ट पासवर्ड फोडणारे प्रोग्राम सतत ठोठावत असतात. शिवाय आपल्याकडे अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. त्यापेक्षा टेलस्केल नावाचं अॅप वापरा. ते फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात खासगी, कूटबद्ध जोडणी करतं. राउटरला हात लावावा लागत नाही, आणि घरगुती वापराला फुकट योजना पुरते.

कॉम्प्युटरवर आणि फोनवर टेलस्केल टाकून दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल, तो लिहून घ्या. मग कॉम्प्युटरवर Settings → System → Remote Desktop चालू करा. फोनवर मायक्रोसॉफ्टचं Windows App घ्या आणि त्यात तोच पत्ता टाकून नवा पीसी जोडा. विंडोज होम असेल तर त्यात रिमोट डेस्कटॉपने आत येण्याची सोय नसते, तिथे क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरावं.

पहिल्यांदा बहुतेकजण लॉगिनपाशी अडकतात. रोज आपण चार आकडी पिनने कॉम्प्युटर उघडतो, पण रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल द्या. तरीही नकार आला तर Sign-in options मध्ये फक्त विंडोज हॅलोने लॉगिन करण्याचा पर्याय बंद करा आणि घरीच एकदा पासवर्ड टाकून आत या.

आता कुलूपबंद घराची तयारी. कॉम्प्युटर झोपला तर संपलंच, म्हणून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून या दोन ओळी द्या:

```
powercfg /change standby-timeout-ac 0
powercfg /change hibernate-timeout-ac 0
```

मॉनिटर खुशाल बंद ठेवा.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जा. पॉवरच्या पानावर AC Power Loss किंवा AC Back अशा नावाचा पर्याय असतो (प्रत्येक मदरबोर्डवाल्याचं बारसं वेगळं), तो Power On वर ठेवा. म्हणजे वीज आली की कॉम्प्युटर स्वतः सुरू होईल. लॅपटॉपमध्ये हा पर्याय सहसा नसतो, पण थोड्या वेळाची वीजकपात त्याची बॅटरी निभावून नेते.

सुरू झाला तरी लॉगिन करायला कोणी नसतं, आणि विंडोजवर टेलस्केल एरवी लॉगिन होईपर्यंत जोडलं जात नाही. घड्याळाशेजारच्या त्याच्या आयकॉनवर Preferences मध्ये Run unattended निवडा. टेलस्केलच्या वेबसाइटवर Machines च्या यादीत या कॉम्प्युटरसाठी Disable key expiry करा, नाहीतर १८० दिवसांची मुदत नेमकी प्रवासात संपू शकते. बायोसला किंवा डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरला सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड लावला असेल, तर कॉम्प्युटर तिथेच थांबून राहील, हेही आधी तपासा.

निघण्याच्या आठवडाभर आधी परीक्षा घ्या. कॉम्प्युटर नेहमीसारखा शटडाउन करा, भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद ठेवा, राउटरचंही. दोन्ही चालू करा आणि कीबोर्डला हात न लावता पाच मिनिटं थांबा. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून आत शिरून पाहा. घरच्या वायफायवरून केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही.

फोन हरवला तर नव्या फोनवर टेलस्केलचं लॉगिन लागेल, आणि ओटीपी मात्र हरवलेल्या सिमवर जाईल. गुगल खाते वापरत असाल तर त्याचे १० बॅकअप कोड कागदावर छापून फोनपासून वेगळे ठेवा. चीनला जाणार असाल तर तिथे अशा खासगी जोडण्या अनेकदा अडवल्या जातात, त्यामुळे अत्यावश्यक फायली आधीच सोबत घ्या.

तिकडे गेल्यावर जोडणी होईना, तर आधी फोनवरच्या टेलस्केलमध्ये कॉम्प्युटर ऑनलाइन दिसतो का ते पाहा. ऑनलाइन असूनही स्क्रीन येत नसेल तर घोळ बहुधा पासवर्डचा किंवा विंडोजचा. ऑफलाइन असेल तर वीज, राउटर किंवा कॉम्प्युटर बंद आहे, मग शेजाऱ्यांना फोन करून घरात वीज आहे का हे विचारा. कॉम्प्युटर नुसता गोठला असेल तर स्मार्ट प्लग कामी येतो: फोनवरून प्लग बंद करून चालू केला की बायोसमधला तो पर्याय पुढचं बघतो. मात्र एखादी फाइल त्या वेळी लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते, तेव्हा हा उपाय शेवटचाच.