नाताळचा गोठा करताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की वसईत शेजारीपाजारी आणि नातेवाईक गोठा उभारताना मला हाक मारतात. गेली वीस वर्षे मी हे काम करत आहे आणि दरवर्षी त्याच त्या चुका दुरुस्त करत आहे. त्यातल्या बहुतेक चुका हात बसलेला नसल्यामुळे होत नाहीत, त्या घाईमुळे होतात. म्हणून ज्या दोन चुकांनी मला सर्वांत जास्त त्रास दिला, त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो आणि बाकीच्या थोडक्यात सांगतो.

पहिली चूक म्हणजे गोठा बांधला त्याच दिवशी गव्हाणीत बाळ येशू ठेवून मोकळे होणे. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत गव्हाण रिकामी असते, आणि ती तशी दिसावी म्हणूनच आपण गोठा इतक्या आधी उभारतो. मरिया आणि योसेफ आहेत, बैल आणि गाढव आहेत, पेंढा अंथरलेला आहे, पण ज्याच्यासाठी हे सारे मांडले तो अजून यायचा आहे. घरातले लहान मूल रोज येता-जाता ती रिकामी जागा पाहते आणि बाळ कधी येणार असे विचारते. बाळ दहा तारखेलाच ठेवले, तर २४ तारखेच्या रात्री त्या गोठ्यासमोर करायला काहीच उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी नेमके हेच झाले होते. घरातल्या तरुण मुलांनी मोठ्या हौसेने गोठा केला होता, आणि फोटोत तो पूर्ण दिसावा म्हणून बाळ गरम गोंदाने गव्हाणीला चिकटवून टाकले होते. २४ तारखेला मिस्सा आटोपून सगळे घरी आले, मेणबत्त्या लागल्या आणि आजींनी सर्वांत धाकट्या नातीला पुढे बोलावून म्हटले, “ये गो बाय, बाळाला आणून ठेव.” नात गोठ्यापाशी गेली आणि बाळ तर आधीच निजलेले आहे, असे म्हणाली. आजींची समजूत काढावी म्हणून एका मुलाने बाळ सोडवायला हात घातला. गोंद सुटला नाही, मात्र प्लास्टरचा उजवा हात कोपरापासून निखळून पेंढ्यात पडला. वरचा गुलाबी रंग तेवढा नखाएवढा जाड होता, आतले प्लास्टर खडूसारखे पांढरे दिसत होते. त्या पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी तो हात फेव्हिकॉलने जोडून दिला, पण ती रात्र काही परत आणता आली नाही.

म्हणून माझा नियम असा आहे की गोठ्यातले बाकी काहीही चिकटवा, बाळ चिकटवू नका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त संचांमध्ये पुष्कळदा बाळ आणि गव्हाण एकाच साच्यातून काढलेले असतात. तसा संच घरी असेल तर २४ तारखेपर्यंत तो अख्खा तुकडा बाजूला ठेवावा आणि त्याच्या जागी मूठभर पेंढा खोलगट करून ठेवावा. बाळ सुटे असेल आणि गव्हाण नसेल, तर काड्यापेटीचा आतला खण घेऊन त्याला बाहेरून सुतळी गुंडाळावी. दीड-दोन इंचांच्या बाळाला तो बरोबर बसतो. बाळ सुटे असण्याची रीत सर्वत्र आहे. रोममध्ये आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुले आपापल्या घरच्या गोठ्यातले बाळ येशू घेऊन संत पेत्राच्या चौकात जातात आणि पोप त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. गोठ्याला चिकटवलेले बाळ तिथे नेणार कसे?

बाळ नेमके केव्हा ठेवायचे, यावरही घरोघरी वाद होतात. नाताळचा सण २४ तारखेच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरू होतो. त्यामुळे तुमच्या धर्मग्रामात मिस्सा मध्यरात्रीऐवजी रात्री आठला किंवा दहाला होत असेल, तर ती आटोपून घरी आल्यावर बाळ ठेवण्यात काहीही गैर नाही. बाराचे ठोके पडेपर्यंत मुलांना जागवत बसण्याची गरज नाही. आमच्या घरी आल्याबरोबर दिवे मंद करतात, एकजण लूकच्या शुभवर्तमानातला दुसऱ्या अध्यायाचा आरंभ वाचतो आणि बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आला की घरातले सर्वांत लहान मूल बाळ ठेवते. वाचन तिथे क्षणभर थांबते आणि मग मेंढपाळांचा प्रसंग पुढे सुरू होतो. तोपर्यंत बाळ सजावटीच्या खोक्यात ठेवू नये, कारण ऐन वेळी ते कागदाच्या कपट्यांत सापडत नाही. मी ते स्वच्छ रुमालात गुंडाळून, आल्तारावर क्रुसाच्या पायाशी, स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवतो.

दुसरी चूक हिरवळीची आहे. आपल्याकडे गोठ्याभोवती नाचणी किंवा गहू उगवण्याची जुनी पद्धत आहे, आणि ती सोडून प्लास्टिकचे गवत अंथरणाऱ्यांचे मला वाईट वाटते, कारण दहा रुपयांच्या धान्यात होणारे काम आहे. मात्र त्याला तारखेचे भान लागते. उत्साही मंडळी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गहू पेरतात. नाताळपर्यंत ते वीतभर वाढून पिवळे पडतात, एका अंगावर लोळतात आणि मेंढपाळ त्यात दिसेनासे होतात. दुसरीकडे, ज्यांना वीस तारखेला आठवण होते त्यांच्या ताटलीत २४ तारखेला नुसते कोंब असतात. मी नाचणी १३ किंवा १४ डिसेंबरला आणि गहू १६ च्या सुमारास पेरतो. दाणे रात्रभर भिजवायचे, पसरट ताटलीत बोटभर माती घालून त्यावर दाट पसरायचे आणि कोंब फुटेपर्यंत दोन-तीन दिवस ओल्या फडक्याने झाकायचे. कोंब दिसले की फडके काढून ताटली खिडकीत उजेडाला ठेवायची, नाहीतर रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात. चार-सहा इंचांच्या मूर्तींसाठी मला नाचणीच आवडते, कारण ती बारीक व बुटकी राहते आणि खऱ्या कुरणासारखी दिसते.

या हिरवळीत सर्वांत जास्त नुकसान पाणी ओतण्याने होते. ताटलीला खाली भोक नसते, त्यामुळे पाणी साचते आणि दाण्यांवर बुरशी धरते. नवखी माणसे मात्र उलटीच गल्लत करतात: कोवळ्या मुळांवरची पांढरी लव पाहून तिला बुरशी समजतात आणि चांगली ताटली फेकून देतात. पाण्याचा हलका फवारा मारून पाहावा. मुळांची लव असेल तर ती ओली होऊन मुळाला चिकटते आणि दिसेनाशी होते. बुरशी असेल तर ती जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरलेली राहते आणि कुबट वासही येतो. असा भाग चमच्याने काढून टाकावा, पाणी हाताने शिंपडावे आणि हिरवळ गोठ्यात ताटलीसकटच बसवावी. ती काढून थेट पुठ्ठ्यावर ठेवली तर चार दिवसांत खालचा पुठ्ठा भिजून गोठा एका बाजूला कलतो.

आता मूर्तींविषयी. शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेख नाही. यशया संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात म्हटले आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते. तिथून ही जोडी गोठ्यात आली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण, पेंढा, खरा बैल आणि खरे गाढव मांडले, तेव्हा तिथे मरिया-योसेफाच्या मूर्ती नव्हत्या. गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. म्हणून जागा कमी पडते म्हणून बैल-गाढव काढून त्या जागी हरिण, सांताक्लॉज आणि बर्फाचा माणूस बसवणारे गोठे पाहिले की मला राहवत नाही. कापसाचे बर्फही काढून टाकावे. त्यामुळे गोठ्याचा अर्थ वाढत नाही आणि कापूस पेट मात्र लवकर घेतो.

तीन राजे २४ तारखेलाच गव्हाणीपाशी उभे करणे ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. ते मत्तयच्या शुभवर्तमानात येतात, तिथे त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन दानांवरून आपण तीन मानतो. शिवाय ते घरात जाऊन बाळाला भेटतात, म्हणजे मेंढपाळांच्या रात्री ते तिथे नव्हते. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर उभे करावे आणि रोज वीतभर पुढे सरकवावे. ६ जानेवारीला, किंवा आपल्याकडे प्रकटीकरणाचा सण ज्या रविवारी पाळतात त्या दिवशी, त्यांना गोठ्यात आणावे. आमच्याकडे हे काम मुलांना दिलेले आहे आणि ती एकही दिवस विसरत नाहीत.

मूर्ती वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या तर बाळ योसेफाच्या अर्ध्या उंचीचे निघते. म्हणून मूर्ती आधी घ्याव्यात आणि छप्पर नंतर बांधावे, उभ्या योसेफाच्या दीडपट उंच. छप्पर आधी बांधणाऱ्यांना शेवटी योसेफाला बाहेर उभे करावे लागते.

दिव्यांच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. जुन्या काचेच्या बल्बची माळ गरम होते आणि सुका पेंढा तिच्याखाली आधी तपकिरी पडतो. तसा डाग दिसला तर ती माळ त्याच क्षणी काढावी. एलईडीची माळ वापरावी, तिचे जोड पेंढ्याच्या बाहेर ठेवावेत आणि मिस्सेला निघताना स्विच बंद करावा. मेणबत्ती गोठ्यापासून हातभर दूर ठेवावी, आत कधीही ठेवू नये.

गोठा २६ तारखेला आवरायची घाईही करू नये. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळचा काळ चालतो आणि तो सण बहुधा प्रकटीकरणानंतरच्या रविवारी येतो. त्यानंतर मूर्ती कोरड्या ब्रशने झटकाव्यात, कारण प्लास्टरच्या मूर्तींना ओले फडके लावले की रंग उठतो. वर्तमानपत्राची शाई चेहऱ्यांना लागते, म्हणून प्रत्येक मूर्ती जुन्या सुती कापडात वेगळी गुंडाळावी. पेंढा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, त्यात कसर होते. नाचणी आम्ही अंगणात कोंबड्यांना घालतो.