चारच का, दोन का नाही?

व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी मांडलेल्या बदलाच्या अवस्था मला तोंडपाठ होत्या. आधी बदलाचा विचारच नसणे, मग विचार, तयारी, कृती आणि शेवटी बदल टिकवणे. समोरचा माणूस एकाच वाक्यात दोन अवस्थांमधून बोलू लागला, की मात्र माझा गोंधळ उडत असे.

रोज संध्याकाळी एक क्वार्टर, म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्की आणि त्यातून साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, घेणारे एक रिक्षाचालक पत्नीच्या आग्रहाखातर आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ते म्हणाले, "कमी करायला पाहिजे, कळतंय मॅडम, पण घेतल्याशिवाय झोपच लागत नाही." मी दहा मिनिटे यकृताविषयी बोलले आणि तेवढाच वेळ ते आपल्या पिण्याचे समर्थन करत राहिले. द्विधा मनातली एक बाजू आपण उचलून धरली, की दुसरी बाजू मांडण्याचे काम त्या माणसावर येते, आणि जे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो तेच त्याला अधिक पटत जाते. म्हणूनच बदलाची कारणे आपण न सांगता त्या माणसाकडूनच बोलवून घ्यायची, ही प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत; मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये ती मांडली, तीही दारूची समस्या असलेल्या लोकांसोबतच्या कामातून.

दुसऱ्या भेटीत मी विचारले, "पिणं कमी करणं तुम्हाला शून्य ते दहामध्ये किती महत्त्वाचं वाटतं?" ते म्हणाले, "चार." मी विचारणार होते, "आठ का नाही?" पण त्याचे उत्तर पुन्हा न बदलण्याची कारणेच ठरले असते. म्हणून विचारले, "चारच का, दोन का नाही?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "पोरगी जवळ येत नाही. वास येतो म्हणते." मी एवढेच म्हटले, "झोपेसाठी दारू लागते असं वाटतं, आणि तिच्यामुळे मुलगी दुरावतेय हेही खुपतंय." बदलाची बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण पुढचे बोलणे बहुधा शेवटच्या शब्दाला धरून चालते. त्यानंतर मुलीविषयी ते स्वतःच बोलत राहिले.

मग आत्मविश्वासाचा आकडा वेगळा विचारला, तेव्हा तो तीन निघाला. महत्त्व पटले आहे पण जमेल असे वाटत नाही, अशा माणसाला आणखी कारणे ऐकवून उपयोग नसतो. आम्ही जेवणाची वेळ आणि झोप यांवरच बोललो.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच भेटीत विचारून घेतली होती: सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का? यांपैकी काही असते, तर दारू एकदम थांबवणे जिवावर बेतू शकले असते आणि प्रमाण कमी करण्याची गोष्ट काढण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले असते. त्यांना तसे काहीच नव्हते. तिसऱ्या भेटीत ते स्वतःच म्हणाले, "मंगळवारी आणि गुरुवारी नाही घ्यायची, बाकी दिवशी नाइंटी, तीही जेवल्यावर." रविवारच्या क्वार्टरविषयी ते अजून विचारच करत होते.