सायकल कुरकुरते? बीबी बदलण्याआधी या चुका टाळा

पॅडल मारलं की ‘कुर्र’ झालं म्हणजे बीबी, म्हणजे पॅडलचे दांडे ज्या अ‍ॅक्सलवर बसतात त्याचं बॉटम ब्रॅकेट नावाचं बेअरिंग, गेली, हे निदान लोकांना इतकं पाठ झालंय की सीटवरून उठून बघायचे कष्टही कोणी घेत नाही. आवाज फ्रेममधून फिरतो, त्यामुळे तो कुठूनही आला तरी पायाखालूनच आल्यासारखा वाटतो. आधी उभं राहून पॅडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटचा. क्लॅम्प उघडा, सीटखालची रेल पुसा, पातळ ग्रीस लावून परत आवळा. रेल कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नको.

माझा खरा राग कोरड्या आट्यांवर आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाची सायकल सिंहगडाच्या चढावर दर पॅडलला ओरडायची. दुकानदाराने बीबी बदलली, आवाज तसाच. मग दुसरी, आणखी महाग टाकली. तरी तेच! माझ्याकडे आली तेव्हा उभं राहूनही आवाज येत होता. माझी पॅडल लावली, फरक नाही. पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, घट्ट होते. शेवटी फ्रेममध्ये आवळलेला बीबीचा कप काढला, तर आट्यांवर ग्रीसचा थेंब नाही, नुसती करडी भुकटी. बेअरिंग दोन्ही वेळा ठणठणीतच होती. जोर पडला की कप फ्रेममध्ये किंचित हलायचा आणि कोरडा धातू धातूवर घासायचा. नवी बीबीही कोरडीच बसवली, तर आवाज कशाला जाईल?

रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने कपाचे आणि फ्रेमचे आटे साफ केले, भरपूर ग्रीस लावलं, कप नीट आवळले. आवाज बंद. इंग्लिश आट्यांच्या बीबीत चेनकडच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न बघता पान्यावर लटकणारे आटेच खाऊन टाकतात. बाहेरून चेनचं तेल ओतणाऱ्यांना हात जोडतो. पोहोचलंच आट्यांपर्यंत, तर चार दिवस शांतता.

क्रँक सैल आहे का ते मिनिटात कळतं. एक क्रँक पुढे, एक मागे आडवा ठेवा आणि एकेक धरून फ्रेमकडे-बाहेर हलवा. एकच हलला तर तो क्रँक सैल, दोन्ही एकदम हलले तर बीबीचा खेळ. चौकोनी अ‍ॅक्सलवरचा सैल क्रँक ‘घरी जाऊन बघू’ म्हणत चालवू नका. अ‍ॅक्सल लोखंडी, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. भोकाचे कोपरे झिजले की कितीही आवळा, तो परत सुटणारच, आणि मग क्रँकच नवा घ्यावा लागतो. क्रँकचा बोल्ट आवळायला साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर लागतात. छोट्या ॲलन कीने तेवढं होत नाही, लांब दांड्याचा पाना घ्या.

पॅडलचा संशय असेल तर एका पायाने चालवून बघा, मग दुसऱ्या. सापडलं की आटे पुसून ग्रीस लावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात.