कोळंबी रबरासारखी होते? या चुका टाळा

कोळंबी वातड झाली की दोष बहुतेक वेळा मासळीवालीच्या माथी मारला जातो. खरा घोटाळा गॅसवर होतो. कोळंबीच्या मांसाला उष्णता लागली की ते आक्रसतं आणि आतलं पाणी बाहेर पिळलं जातं. मटण जास्त वेळ शिजवल्यावर मऊ होतं, त्याच हिशेबाने कोळंबीवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवली की ती आणखी घट्ट होते.

कोळंबीचं सुकं घ्या. डोक्यासकट अर्धा किलो मध्यम कोळंबी सोलून पाव किलोच्या आसपास उरते. नेहमीची चूक म्हणजे कांद्याबरोबरच ती फोडणीत टाकणं. आधी कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, मसाला तेल सुटेपर्यंत परता. आमसुलं आणि मीठही आधीच घाला, रस अंगाबरोबर आटू द्या. मग मोठ्या आचेवर कोळंबी टाका आणि तीन-चार मिनिटांत गॅस बंद करा. कालवणात बटाटा असेल तर तो पूर्ण शिजल्यावरच कोळंबी घाला.

घड्याळापेक्षा आकार पाहा. पारदर्शक, करडी कोळंबी पांढरट-गुलाबी होऊन इंग्रजी 'सी'सारखी वळली की झाली. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून वाटोळं कडं झालं, तर वेळ टळली. शंका असेल तर सर्वांत जाड कोळंबी मधोमध कापा. आत काचेसारखा भाग दिसला तर अर्धा मिनिट अजून द्या. गरम मसाल्यात ती गॅस बंद केल्यावरही थोडी शिजते, हे धरून चाला.

तव्यावर तळताना गर्दी नको. पाव किलो कोळंबी एकदम टाकली की तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि ती तळण्याऐवजी उकडते. दोन घाण्यांत करा, प्रत्येक बाजूला दीड मिनिट. लिंबू लावून तासभर मुरवत ठेवणंही नडतं, कारण आंबट रसाने मांस कच्चं असतानाच घट्ट होतं. पंधरा मिनिटं पुरे.

आता साफसफाई. डोकं पिळून काढा, पायांच्या बाजूने कवच सोला. पाठीवर सुरीने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्या आणि काळा दोरा टोकाने उचलून ओढा. ते आतडं असतं, त्यात वाळू राहिली तर दाताखाली कचकचते. खोल कापलं तर कोळंबी फुलपाखरासारखी उघडते आणि लवकर सुकते. कवच ठेवायचं असेल तर पाठीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्याच्या सांध्यात टूथपिक घालून दोरा अलगद वर ओढा. तुटला तर पुढच्या सांध्यातून पुन्हा. पोटाकडची बारीक रेघ मात्र मज्जातंतूची असते, ती काढायच्या फंदात पडू नका.

दोरा काढून झाल्यावर एकदाच धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका, निथळून टिपून घ्या. आणि कोळंबी वातड नव्हे तर पिठासारखी भुसभुशीत लागली, तर मात्र चूक शिजवण्याची नसते: ती शिळी असते, किंवा डोक्यासकट बराच वेळ बाहेर पडून राहिलेली असते. डोक्यातले पाचक रस मांसात उतरून ते सैल करतात, म्हणून घरी आणल्याबरोबर आधी डोकी काढा.